अकरा नंबरची खाट आणि राहतं घर

मी, निवृत्त वॉर्ड इनचार्ज परिचारिका, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. स्वभावाचा दाखला कुणी देणार नाही.

१. राहतं घर एकट्या मुलीला. मुलगा म्हणतो, "आई, अर्धं-अर्धं कर. सगळ्यांना सारखं, हे तूच शिकवलंस ना?" शिकवलं खरं. पस्तीस वर्षं माझ्या वॉर्डात ओळखीचा-अनोळखी सगळ्यांना एकच नियम होता, वशिल्याला थारा नव्हता. त्याचा अभिमान अजून आहे. औषधाची मात्रा मायेनं ठरवायची नसते.

२. पण मुलांचे वडील माझ्याच वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर होते. रुग्णांची कूस बदलायची पाळी खाटांच्या क्रमानं. यांनी माझा हात धरला. "जरा बस ना गं." मी म्हटलं, "अजून सात नंबर चाललाय. तुमची पाळी आली की येते." शेजारच्या वॉर्डातून कुणाला बोलावता आलं असतं, मी विचारलंसुद्धा नाही. दहा नंबर आटोपून मी पोचले तेव्हा हे गेले होते. त्या दुपारी कुणावरही अन्याय झाला नाही. मला मात्र अजून रडू येतं.

३. एका नव्या परिचारिकेला मी मेमो दिला होता. कुणीच नसलेल्या एका आजोबांपाशी ती अर्धा तास बसली होती. मी खडसावलं, "बाकीच्या एकोणीस जणांचं काय?" ती म्हणाली, "सिस्टर, त्यांच्याकडे दुसरीला लक्ष ठेवायला सांगून बसले. आजोबांना भूक होती, पण ठसका लागेल म्हणून ते घाबरत होते." मी तक्त्यावर 'जेवण नाकारले' लिहून पुढे गेले असते. तिच्या हातून ते वाटीभर जेवले. मेमो मी मागे घेते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असं वकील म्हणतात, म्हणून तिची फक्त माफी मागते.

४. बँकेतली ठेव मुलाला. बाळा, तू फोनवरून उंटावरून शेळ्या हाकल्यास, पण राग नाही. घर हे ताईला बक्षीस नव्हे. माझं आजारपण काढायला नोकरी सोडल्यावर तिला दुसरं छप्पर उरलं नाही. करायचं ते मुलीनंच, हे आपण दोघांनी न विचारता गृहीत धरलं, आणि त्यात ती पिचली. तुला कमी दिलं म्हणजे तू कमी लाडका नाहीस. हे वाक्य वकिलांनी खोडायला सांगितलं, मी ठेवलं.

५. माझी शेवटची घटका आली आणि मुलगी झोपली असेल, तर तिला उठवू नये. सहा वर्षं तिची झोप मीच मोडत आले. तिला नंतर वाईट वाटेल, तेव्हा हे कलम वाचून दाखवावं: आईनंच सांगितलं होतं, झोपू दे.

सही: लिहून देणार, मुलांची आई
साक्षीदार: (१) घरी येणारे डॉक्टर (२) कलम ३ मधील परिचारिका
ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: तीन मार्च, सकाळ