कारंज्याचं घर

प्रिय लुत्फुल्ला,

अस्सलाम आलेकुम. तुझ्या बायकोचं पत्र मला केव्हाच मिळालं. उत्तर द्यायला उशीर झाला, तो मुद्दाम झाला. मुनीरेने लिहिलं होतं की तुला दमास्कसच्या काझीचं पद मिळालं, आता वन्संनी तिथे आमच्यासाठी एखादं घर बघून ठेवावं, अंगणात कारंजं असावं, स्वयंपाकघर हवेशीर असावं, आणि बाई बघताना तेल बेताने वापरणारी बघावी. तेलाचं वाचून मला बरं वाटलं. तुमच्या घरात निदान एक गोष्ट तरी बेताने होते.

तुला मी लहानपणापासून ओळखते. आई गेली तेव्हा तू रांगत होतास. तुझे पाठ मीच घेतले. मांडीवर घेवड्याच्या शेंगा, एका हाताने त्या मोडायच्या आणि दुसऱ्या हाताने पुस्तक धरायचं. तू डोळे मिटून घडाघडा म्हणायचास, अडलास की माझ्याकडे एक डोळा किलकिला करून बघायचास. त्यातलं अर्धं मला तेव्हा कळत नव्हतं. पाठ मात्र झालं. बाबा पलीकडे मशिदीच्या कट्ट्यावर शिकवत. येईल त्याला शिकवत, प्रश्न विचारील त्याला उत्तर देत. सरकारातून सनद घ्या म्हणून किती जण त्यांच्या मागे लागले होते. ते म्हणायचे, "सनद देणारा उद्या उत्तरही देईल, आणि मला नुसती सही करायला सांगेल." तू तेव्हा हसायचास. एकदा म्हणालास, "बाबा, तुमचं उत्तर गल्लीच्या टोकापर्यंत जातं. सल्तनतीच्या थोरल्या मुफ्तींचं, शेखुल इस्लामचं, उत्तर सुलतानाच्या छावणीपर्यंत जातं." मला वाटतं, ते वाक्य बाबांना मरेपर्यंत पुरलं.

मग काझी आणि शिक्षक नेमणं ज्यांच्या हातात, त्या काझीअस्करांच्या दारी तू जायला लागलास. दर बुधवारी तुझा झगा मी वाफेवर धरून सरळ करत असे, पागोट्याच्या घड्या घालून देत असे. त्यांच्या दिवाणखान्यात नेमणुकीची वाट पाहणाऱ्यांची रांग लागायची. त्यांच्या वहीत नाव चढलं की माणूस उमेदवार, मग वर्षानुवर्षं थांबायचं. एक मदरसा मिळायचा, मुदत संपायची, पुन्हा बेकार, पुन्हा बुधवार. वीस नाण्यांचा मदरसा, मग तीसचा, मग चाळीसचा. पगारावरून मदरशाची पायरी ठरते आणि मदरशावरून विद्वानाची, हे मला तुझ्यामुळे कळलं. त्यांच्या नातवाला तर दात येण्याआधी शिक्षकाची सनद मिळाली. तू ते मला सांगितलंस तेव्हा तुझ्या आवाजात चीड नव्हती. हेवा होता. मी तेव्हाच जागं व्हायला हवं होतं.

त्याऐवजी मी माझी लेक नेफिसे त्यांच्या घरात दिली. काझीअस्करांच्या बहिणीचा मुलगा, दाऊद. पोरगा वाईट नव्हता. समुद्राचं वेड होतं एवढंच. लग्नानंतर दुसऱ्या वसंतात गलबतावर गेला तो आलाच नाही. त्याच्या मागे ना घर, ना दुकान. सासूबाई रोज संध्याकाळी त्याचं ताट मांडायच्या आणि नेफिसेने ते ताट राखत बसायचं. तिची मान वर झाली की म्हणायच्या, "कुणाची वाट बघतेस खिडकीतून? तो दारातून येईल." शेवटी मी तिला घरी आणलं. त्या दिवसापासून त्या घरातून तिच्यासाठी एक पाव आला नाही.

कारा मूसा तुला आठवतो का? गलबतांच्या फटींत डांबर भरणारा, बाबांच्या मशिदीत पहिल्या रांगेत उभा राहणारा. तो त्याच गलबतावर होता. लाकडाच्या फळीला धरून वाचला. त्याने माझ्या दारात उभं राहून सांगितलं, "बाई, दाऊदला मी पाण्याखाली जाताना पाहिलं. माझ्या हाताला त्याची बाही लागली होती." तो रडला नाही, पण त्याने पाणीही घेतलं नाही. मी तुझ्याकडे धावत आले. तू तेव्हा शेखुल इस्लामच्या कचेरीत प्रश्नांचे मसुदे लिहायला बसत होतास. तूच मला शिकवलं होतंस की एका सचोटीच्या माणसाने नवरा मेल्याचं सांगितलं तर बायकोने इद्दतीचे चार महिने दहा दिवस पाळावेत आणि पुढचा संसार करावा. मी म्हटलं, रांगेत उभी राहून प्रश्न देते. तू म्हणालास, "ताई, त्या गर्दीत तू कशाला? दे इकडे. घरचंच काम आहे."

घरचंच काम होतं, म्हणून तू ते घरच्यासारखं उरकलंस. कागद घेऊन आलास, अंजीर खाल्लेस, घाईत निघून गेलास. मी दारातच उभ्या उभ्या वाचला. तुमच्या कचेरीत खरी नावं लिहीत नाहीत. सगळे पुरुष झैद आणि अम्र, सगळ्या बायका हिंद. तू लिहिलं होतंस: झैद बेपत्ता आहे, तो जिवंत आहे की मेला हे ठाऊक नाही, तर त्याची बायको हिंद अम्रशी निकाह लावू शकते का? खाली शेखुल इस्लामच्या हाताने एकच शब्द: नाही. आणि सही, "या दीन सेवकाने लिहिले."

त्यांना मी दोष देत नाही. दिवसभर त्यांच्यापुढे अशा चिठ्ठ्यांची रास पडते. प्रश्नात जे असतं त्याचंच उत्तर ते देतात, आणि तू विचारलेल्या प्रश्नाला आपल्या हनफी मतात दुसरं उत्तरच नाही. बेपत्त्याच्या वयाचे सगळे लोक मरेपर्यंत बायकोने थांबायचं. ठाऊक नाही, असं लिहिलंस तू. मूसाला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं. पण काझीअस्करांच्या बहिणीला ते ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, आणि तुझी पुढची पायरी काझीअस्करांच्या हातात होती. ईदच्या आत तुला चाळीसचा मदरसा मिळाला. तू मिठाई पाठवलीस. ती मी भिकाऱ्यांना वाटली. अन्न टाकायची मला सवय नाही.

मी तरी गप्प बसले नाही. मूसाला घेऊन मोहल्ल्याच्या काझीकडे गेले. फतवा म्हणजे निवाडा नव्हे, निवाडा काझीने करायचा असतो, हेही तुझ्याच पाठातलं. काझीने मूसाचं बोलणं पुरतं ऐकलंसुद्धा. मग तुझा कागद पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, माझी मुदत शाबान महिन्यात संपते. पुढची नेमणूक कोण देतं ते तुम्हाला माहीत आहे." भला माणूस होता बिचारा. खोटं तरी बोलला नाही. दुसरं कुठलं दार ठोठावावं तर आपल्या मुलखात सुलतानाचाच हुकूम आहे की हनफी सोडून दुसऱ्या मताने निवाडा करायचा नाही. शरियतच्या चार मतांचे चार रस्ते अल्लाने उघडे ठेवले, तुम्ही लोकांनी तीन नाक्यांवर शिपाई बसवले. मूसा पुढे साथीत गेला, आणि त्याच्याबरोबर आमची साक्ष गेली. नेफिसे विशीची झाली, पंचविशीची झाली. तू एकेक पायरी चढत होतास आणि ती माझ्याजवळ बसून जुन्या चादरींचे काठ उलटवत होती. एकदा म्हणाली, "आई, मामाला म्हणावं, हिंद म्हातारी होत चालली." मी ते तुला कधी कळवलं नाही. आज कळवते.

हे गेले, त्यानंतर आम्ही दोघी हजला निघालो ते तुला माहीत आहे. परतताना दमास्कसला राहिलो, माझा गुडघा सुजला म्हणून, असं मी लिहिलं होतं. गुडघा सुजला होता हे खरं आहे. पण हमामात शेजारी बसलेली एक बाई नेफिसेची हकीकत ऐकून डोक्यावर पाणी ओतता ओतता म्हणाली, "एवढंच ना? अगं, आमच्याकडे हनबली नायब बसतो की. त्यांच्या मतात बायकोला पोसायला काही न ठेवता गेलेल्याचा निकाह तोडता येतो. माझ्या जावेचं त्यानेच सोडवलं." इथे मोठा काझी आपल्या इस्तंबूलहून येतो, हनफीच असतो, पण त्याच्या हाताखाली बाकीच्या मतांचे नायब अजून निवाडे करतात. आम्ही गेलो. नवऱ्याने मागे काही ठेवलं नाही, काही पाठवलं नाही, त्याचं कुणी तिला पोसत नाही, याला आमच्याबरोबर हजला आलेल्या दोघा शेजाऱ्यांनी साक्ष दिली. नेफिसेने शपथ घेतली. म्हाताऱ्या नायबाने सगळं विचारलं, अगदी तिला थंडीत पांघरायला काय असतं तेसुद्धा, आणि निकाह तोडला. आता मोठ्या काझीने तो निवाडा लागू करून शिक्का मारायचा उरला होता. कारकून म्हणाला, होईल सावकाश, घाई काय आहे.

आणि त्याच संध्याकाळी एक कापडवाला मुनीरेचं पत्र घेऊन आला.

मी ते चुलीजवळ बसून वाचलं. कारंजं, हवेशीर स्वयंपाकघर, बेताने तेल. नेफिसेने विचारलं, "मामीचं काय?" मी म्हटलं, "घर बघायला सांगते आहे." तू इथे आल्यावर त्या कागदावर शिक्का मारशील का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि या वेळी त्यातलं काही गाळलं नाही. मग मला तुझा एक पाठ आठवला. शेंगा मोडताना ऐकलेला. काझीला काढलं तरी ती बातमी त्याच्या कानावर जाईपर्यंत त्याचे निवाडे पक्के. त्याच्या कानावर. माझ्या नव्हे.

सकाळी कचेरी उघडली तेव्हा मी पायरीवर होते. तुझ्या आधीचे काझी वयस्कर आहेत, खोकत होते. म्हणाले, "इतकी वर्षं थांबलात, बाई, आणि आजच एवढी निकड?" मी म्हटलं, "इतकी वर्षं थांबले म्हणूनच, हुजूर." ते हसले. त्यांनी कागद वाचला, कारकुनाकडून वहीत उतरवून घेतला आणि शिक्का मारला. मी सबंध वेळ जीभ दातांखाली धरून उभी होते. त्यांच्या बडतर्फीचा कागद घेऊन तुझा निरोप्या त्याच आठवड्यात आला.

लुत्फुल्ला, तुझा नायब पुढे येऊन कचेरीत बसला आहे आणि तू वाटेवर आहेस. हे पत्र तुला अलेप्पोला गाठावं अशा बेताने पाठवते आहे, म्हणजे तुला जे कळायचं ते कचेरीत चार लोकांसमोर कळणार नाही. एवढी मी अजून तुझी बहीण आहे. इथे आलास की वही उघड. तिथे हिंद नाही, नेफिसे आहे. झैद नाही, दाऊद आहे. एका काझीने रीतसर केलेला निवाडा दुसऱ्या काझीला मोडता येत नाही. हा पाठ तू एकदाही न अडखळता म्हटला होतास. तिची इद्दत संपली. गेल्या गुरुवारी इथल्या एका खोगीर करणाऱ्याशी, याह्याशी, तिचा निकाह झाला. मामाच्या जागी कोण बसणार म्हणून लोकांनी विचारलं, मी म्हटलं, मामा प्रवासात आहे. मुनीरेला सांग, घर मिळालं आहे. कारंजं आहे, स्वयंपाकघर हवेशीर आहे, बाई तेल बेताने वापरते. मी स्वतः चालत जाऊन बघितलं. आमच्या घरापासून शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. गुडघा दुखला, पण याहून लांबचं मिळालं नाही.

तुझीच, हे नाकारता येत नाही म्हणून,
राबिया