जवळच्या माणसांना कळवायचा मजकूर

४ मार्च

ती. ताईस,
बेबीचा सा. न. वि. वि.

चिऊच्या लग्नाची तारीख ठरली, अठ्ठावीस. नोंदणी कार्यालयात सह्या करायच्या की झालं. दोघांचे आई-बाबा आणि तीन साक्षीदार. हॉल नाही, जेवणावळ नाही. पोरांचा हट्टच आहे, आणि खरं सांगायचं तर आमच्या ह्यांनाही हायसं वाटलं. नातेवाइकांना फोनवर पाठवायचा मजकूर सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला आहे. तू तो वाचावास असं वाटलं. तुझा गुडघा कसा आहे? जिना जपून चढ.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी बेबी

(चिठ्ठी) आमच्या मुलीचा विवाह २८ मार्च रोजी अगदी जवळच्या, मोजक्या माणसांत होत आहे. जागेअभावी सर्वांना बोलावता येत नाही, क्षमस्व. पुढे मोठा समारंभ करूच. आपले आशीर्वाद असावेत.

९ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतका आनंद झाला की शेजारणीला दारातच थांबवून सांगितलं. मजकूर तपासायला माझ्याकडे पाठवलास ते बरं केलंस. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासत आले, आता घरच्या लग्नाचंही तपासते.

'अगदी जवळच्या, मोजक्या माणसांत' हे आधी काढ. वाचणाऱ्याला त्यातून एकच कळतं, की आपण जवळचे नाही. कोण येणार ते सरळ लिही: आई-बाबा आणि साक्षीदार. म्हणजे कुणाला डावललं असं होत नाही. जागेवर ढकलू नकोस. तुझी मोठी नणंद ते कार्यालय बघून येईल आणि खुर्च्या मोजेल. समारंभ करणार नसशील तर कबूल करू नकोस. क्षमाही मागू नकोस, नाहीतर तुम्ही काही गुन्हा केलाय असं वाटेल. आनंदाची बातमी आनंदाने सांगावी. आहेर नको, हे एका ओळीत लिही.

आणि नुसता मजकूर पाठवून मोकळी होऊ नकोस. थोरल्यांना आधी फोन कर, तोंडाने सांग, मग तासाभरात सगळ्यांना मजकूर जाऊ दे. कुणाला दुसऱ्याकडून कळलं की संपलंच.

मी रजा टाकली आहे. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने येते. ती करडी साडी चालेल ना? की चिऊ म्हणेल, मावशी शाळा तपासायला आली?

अशीच आठवण ठेवत जा.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. ताई, तो मजकूर मी तपासायला पाठवला नव्हता. तुला कळवायला पाठवला होता.

फोन दोनदा हातात घेतला आणि खाली ठेवला. तुझा आवाज ऐकून मला बोलताच आलं नसतं, म्हणून चिठ्ठी पुढे केली. ह्यांच्या चार बहिणी आहेत. एका मावशीला बोलावलं की चारही आत्यांना बोलवावं लागतं, मग त्यांचे यजमान, मग सुना. हे कारण खरं आहे, पण पुरं नाही. चिऊ म्हणाली होती, साक्षीदार म्हणून मावशीची सही हवी. मीच नको म्हटलं. नणंदांच्या तोंडाला भ्याले आणि तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं नाव दिलं. तू माझा मजकूर इतक्या मायेने सुधारलास, ते वाचताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तू ये. साक्षीदार बदलते, नणंदांचं काय व्हायचं ते होवो. मला पदरात घे.
तुझी बेबी

१९ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

लाज मलाही वाटली. कुणी बोलावलं नसताना मी साडी विचारत बसले. दोन दिवस शेजारीण दिसली की आत वळत होते.

मी येणार नाही. रागाने नाही. 'आई-बाबा आणि साक्षीदार' हे खरं आहे म्हणूनच ते कुणाला टोचणार नाही. आता तिथे मावशी उभी राहिली तर चारही आत्यांचं मन मोडेल, आणि त्यांचं बरोबर असेल. त्या मैत्रिणीलाही आयत्या वेळी उठवू नकोस, ती बिचारी कपडे शिवून बसली असेल.

बोलावलं नाहीस याचं वाईट वाटलं, ते विरून जाईल. पण फोन खाली ठेवलास आणि चार लोकांना द्यायचा कागद मलाही दिलास, ते इतक्यात विरणार नाही. ते तुला कळावं म्हणून लिहिते, कुढत बसावंस म्हणून नाही. चिऊला यातलं काही सांगू नकोस. सह्या झाल्या की तिला मला फोन करू दे. मी तिच्याशी हसून बोलेन, काळजी करू नकोस.

रजा परत केली. साहेबांनी कारण विचारलं, तर लग्न पुढे ढकललं असं सांगून टाकलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि हा खोटा मजकूर मी स्वतःच्या तोंडाने दिला.

तुझीच,
ताई