मास्तरला काय आठवतं

सोमवार, ५ जाने.
इंदू सकाळीच टॅब घेऊन आली. शेजारीण, रेल्वे गार्डची विधवा, वय चौसष्ट, आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसणार. इंग्रजीचा पेपर पुढच्या महिन्यात. माझं कन्नडही त्याच टॅबवर, त्याच अ‍ॅपवर, त्याच खात्यात. दोघींत एक वर्तमानपत्र घेतो, तसंच हेही घेतलं. इंदू अ‍ॅपला मास्तर म्हणते.
"ताई, मास्तर मला वळखतो. काल आपणहून होटगीच्या गाडीवर उदाहरण दिलं की."
म्हटलं, यंत्र कुणाला ओळखत नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली. तारेला कुणाचा आवाज आठवतो का?
"तुमाला सगळं म्हायती असतं," म्हणाली. चहा न घेता गेली.

बुधवार, ७ जाने.
गेला महिनाभर ती माझ्यापुढे इंग्रजी वाचतच नाही. "मास्तरसंगं झालं," एवढंच. एकटीनं यंत्राशी पुटपुटून कुणी पास झालंय का? चिडचिड झाली. गुडघेही दुखताहेत.

शुक्रवार, ९ जाने.
पुन्हा तोच वाद. इंदूनं सरळ त्यालाच विचारलं, तुला मी आठवते का? "हो, नक्कीच," म्हणे. इंदूची मान ताठ. म्हटलं, हा पुरावा नव्हे. ते गोड बोलायलाच बसलंय. चाचणी घेऊ.
ठरलं ते असं. एका संभाषणात दोन गोष्टी सांगायच्या: इंदूचे यजमान होटगीला गार्ड होते, आणि आज आमच्याकडे शेंगाभाजी आहे. मग नवीन संभाषण उघडायचं आणि काहीही न सुचवता दोन्ही विचारायच्या. हरेल तिनं उद्याची भाजी करायची.

शनिवार, १० जाने.
चाचणी झाली. जुन्या संभाषणात दोन्ही बरोबर. नव्यात गार्ड आठवला, शेंगाभाजी नाही. "तुम्ही सांगितलेलं मला दिसत नाही," म्हणालं.
"बगा. व्हय की न्हाय?"
"अर्धं," मी म्हटलं. मग सेटिंगमध्ये 'स्मृती' असं एक बटण दिसलं, ते बंद केलं. पुन्हा नवीन संभाषण. आता गार्डही नाही. पण ते जुनं उघडलं, तर तिथं भाजीसकट सगळं शाबूत.
अ‍ॅपमधलं मदतीचं पान दोनदा वाचलं. यंत्राला स्वतःची आठवण अशी नाहीच. एका संभाषणात वरपासून खालपर्यंत लिहिलेलं ते प्रत्येक उत्तराआधी पुन्हा वाचतं, म्हणून जुन्यात सगळं माहीत. नवं उघडलं की पाटी कोरी. फक्त ज्या गोष्टी त्याला कामाच्या वाटतात त्यांची ते टिपणं काढून खात्यात ठेवतं, आणि बटण चालू असेल तर नव्या संभाषणाआधी ती वाचून घेतं. गार्ड टिपणात गेला, भाजी गेली नाही. खातं एकच, त्यामुळे ते ओळखतं आम्हाला नव्हे, खात्याला.
पानावर लिहिलं होतं, टिपणं बघता येतात, पुसताही येतात. म्हटलं, बघू या.
"नको, ताई," इंदू म्हणाली. मी उघडलं होतं.
'वापरकर्ती बारावीला बसणार आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकली आहे. कन्नड शिकते. पती होटगीला गार्ड होते.' आम्हा दोघींची मिळून एक बाई झालेली. मला हसू आलं. मग शेवटचं: 'मैत्रीण उच्चारांवर हसते, म्हणून तिच्यासमोर मोठ्यानं वाचायला घाबरते. पेपर देऊ नये असं वाटतं.'
इंदू टॅबकडे बघत होती, माझ्याकडे नाही.
"मी फक्त त्यालाच सांगितलं हुतं."
भाजी कुणी करायची, ते कुणीच विचारलं नाही.

सोमवार, १२ जाने.
मी हसत होते, हे खरं आहे. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अशाच हसायच्या आणि आम्ही शिकलो, असं मला वाटायचं. शिकलो का? का नुसत्या घाबरलो...
टॅब माझ्याकडेच राहिला. ते टिपण एका बोटानं जाईल. मला बघायला नको, म्हणून पुसायचं? इंदूच्या मनातून ते कुठल्या बटणानं जाणार. तसंच ठेवलं.

बुधवार, १४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन मीच गेले. वेगळं खातं काढून दिलं. जुन्यातलं हवं ते तिनं स्वतः नेलं. काय नेलं, विचारलं नाही. फॉर्म मागे घेतलाय का, तेही नाही.
मग कन्नडचं पुस्तक काढलं आणि तिच्यासमोर मोठ्यानं वाचलं. माहेरची अक्कलकोटकडची ती, घरात कन्नडच. दुसऱ्या ओळीला पदर तोंडात धरला, चौथीला धरवला नाही.
"ताई, असं बोललात तर म्हस बी दूद द्यायची न्हाय."
"हसून घे," म्हटलं. सगळा धडा संपवला. कानशिलं तापली होती.
तिचं इंग्रजीचं पुस्तक शेजारी होतं. तिनं ते मांडीवर घेतलं, पान काढलं. चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मी खिडकीबाहेर बघत बसले.