तक्रार न करणारी ताई

सोमवार, ता. ४

चि. भावास, ताईचे आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून दिलेत, मनातून अजून निघालेले नाहीत. फोन केला की तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून कापतोस. पत्र कापता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

परवा तुझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. मी आणि तुझे भावजी मागच्या रांगेत होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी तुला तासभर पिळलं, तरी तू उभा राहिलास. बरं वाटलं. मग तू फोटो टाकलास आणि खाली आभार. लेकीने मोठ्याने वाचून दाखवले. मार्गदर्शक सरांना चार ओळी, विभागप्रमुखांना दोन, ग्रंथालयाला एक, आणि तळाशी आम्ही: ‘सात वर्षं कधीही तक्रार न करता पाठीशी उभं राहिलेलं कुटुंब’.

कोणाचं रे हे कुटुंब? तू माझ्या घरी राहिलास ती सात वर्षं मी तर रोज तक्रार केली! माझ्या शिवणाच्या टेबलावर तुझे कागद आणि मी पलंगावर बसून गिऱ्हाइकांचे कपडे बेतायची, तेव्हा केली. लाकूड कुजवणारी बुरशी तू माझ्या फ्रिजमध्ये ठेवलीस, तेव्हा तर भांडी आपटून केली. आता शेजारीण विचारते, तुम्ही इतक्या सोशिक कधीपासून? हसत होती मेली.

आणि त्या चार बाटल्या? बाईंनी विचारलं, तिसऱ्या टप्प्यात चार नमुने कमी का. तू म्हणालास, साठवणुकीत नष्ट झाले. साठवणूक म्हणजे मी! नासलंय समजून मीच फेकलं, बाटल्या उकळून त्यात बटणं भरली. माझ्यापायी तू परीक्षेत खोटं बोललास का? पदवी परत तर घेणार नाहीत ना? दोन दिवस घास उतरत नाही. तेवढं कळव.

तुझी,
तक्रारखोर ताई

शुक्रवार, ता. ८

ती. ताईस, सा. नमस्कार.

आधी जेव. मी खोटं बोललो नाही. प्रबंधाच्या एकशे बाराव्या पानावर छापलंय: चार बाटल्यांवर लेबल नव्हतं, त्यांतले नमुने घरच्या फ्रिजमधून काढून टाकले गेले, चूक संशोधकाची. विभागाचा फ्रिज बंद पडला म्हणून मी त्या घरी आणल्या आणि लेबल लावायचा कंटाळा केला. बाईंनी ते वाचलेलंच होतं. मी तोंडाने कबूल करतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पुढे मी ‘माझ्या हलगर्जीपणामुळे’ असंही म्हणालो. नेमका तेव्हा भावजींना खोकला आला.

लाकडाचे तुकडे पुन्हा वाळवून तोलायचे, बुरशीवर ठेवायचे, सोळा आठवडे थांबून परत तोलायचे, यात माझे आठ महिने गेले हे खरं. पण ते माझ्या कर्माने.

आभाराच्या मजकुराचं म्हणशील तर त्याचे पाच खर्डे झाले. विभागप्रमुखांच्या दोन ओळी मार्गदर्शक सरांनी घालायला लावल्या. ‘तक्रार न करता’ मी आधी पीएचडी झालेल्या एका मुलाच्या मजकुरातून उचललं. आमच्या विभागात कोणाच्याच घरचे तक्रार करत नाहीत! तीनशे लोकांनी वाचलंय, आता बदललं तर विचित्र दिसेल. प्रबंधाच्या आभाराच्या पानावरही तेच आहे. समितीने दोन आलेख आणि एक तक्ता दुरुस्त करायला सांगितलाय. ते झालं की शुक्रवारी, पंधरा तारखेला, शेवटची प्रत बांधणीला जाईल.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, रागासकट राहू दे.

तुझा,
भाऊ (डॉ.)

सोमवार, ता. ११

चि. भावास,

जेवले. आशीर्वाद आता मनातून.

पण ते कंसातलं ‘डॉ.’ आधी पुसून टाक. तुमच्या परीक्षा विभागातली कारकून बाई माझं गिऱ्हाईक आहे. बाही बेतताना तिला विचारलं. म्हणाली, समितीने नुसती शिफारस केलीय. दुरुस्त प्रत जमा होईल, विद्यापीठाची अधिसूचना निघेल, मगच डॉक्टर. तोवर तू माझा भाऊ, तेवढ्यावर भागव.

आता दुसरं. परक्या बाईने सांगितलं तर तू दोन आलेख मुकाट पुन्हा काढतोस, आणि सात वर्षं उष्टं काढलेल्या बहिणीने सांगितलं की विचित्र दिसतं? फेकलेले नमुने खरे लिहिलेस, मग फेकणारी खोटी का? मला गरीब गाय करून फोटोखाली बांधू नकोस. मी सोसलं, पण गप्प बसून नाही.

माझाही अहवाल घे: दुरुस्तीसह मंजूर. दुरुस्ती अशी: ‘ताईने सात वर्षं रोज तक्रार केली, माझे चार नमुने फेकले, बाटल्यांत बटणं भरली आणि मला एकदाही घराबाहेर काढलं नाही.’ फोटोखालीही हेच आणि पुस्तकातही हेच. विभागप्रमुखांना जागा कमी पडली तर पडू दे.

बाटल्या अजून आहेत. त्यांवर लेबलं मी लावलीत: पांढरी, काळी, मोठी, तुटकी. शिक काहीतरी.

प्रत शुक्रवारी बांधणीला जातेय. मला गुरुवारी, चौदा तारखेला, शिवणाचं मशीन बंद करायच्या आत उत्तर पाहिजे. फोन केलास तर मी मीटिंगमध्ये असेन.

तुझी ताई