खेकड्याचं तिसरं दार

प्रिय मॅग्डाला,

ग्वाडलूपच्या हॉटेलातल्या कढया तुला कधी उसंत देतात कोण जाणे, पण हे पत्र निवांत बसूनच वाच. इकडे वादळानंतर डोंगर पुन्हा हिरवे होऊ लागलेत. शाळेवर नवे पत्रे चढले, आणि बुधवारी वाचनालय उघडलं. वर्गाच्या मिस ऑगिस म्हणाल्या, "तांती फ्लो, पहिली गोष्ट तुमचीच. पण वादळाचं नाव नको, मुलं बिथरतात." मी बरं म्हटलं.

गोष्टीचे कागद मी कसे लिहिते ते तुला ठाऊक आहे. डाव्या बाजूला माझी वाक्यं, उजवीकडे मुलांची, आणि मधे मोकळ्या चौकटी. त्या चौकटींत मी फक्त 'थांब' एवढंच लिहिते. मुलं मधेच बोलणार, तेव्हा त्यांच्यासाठी जागा आधीच ठेवलेली बरी. मूल बोललं की त्याला गप्प करायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही. त्याचेच शब्द सगळ्यांना ऐकू जातील असे परत म्हणायचे, ते गोष्टीतल्या कुणाच्या तरी हाती द्यायचे आणि धृपदावरून वाटेवर यायचं. गाडी फारच भरकटली तर माझी "क्रिक!" ही हाक आहेच, तिला मुलांनी "क्राक!" असं उत्तर द्यायचं. "क्राक!" म्हणताना प्रत्येक तोंड माझ्याकडे वळतंच. घंटा लवकर झाली तर म्हणून एक छोटा शेवटही लिहून ठेवते.

गोष्ट होती मुक्या खेकड्याची. तो आवाज मागत दारोदार फिरतो. मी विचारायचं, "कोण आहे?" मुलांनी बाकावर टकटक करून म्हणायचं, "मी खेकडा, आवाज वाढा!" आधी दोनदा घोकून घेतलं. एकदा मोठ्यानं, मग कुजबुजत. कुजबूज शिकवलेली असली की पुढे दंगा आवरता येतो. मुक्या खेकड्याच्या वतीनं तीस पोरं ओरडत होती! एकानं लगेच पकडलं, "मुका आहे तर बोलतो कसा?" मी खेकड्यालाच विचारलं. दुसरा म्हणाला, "तो नुसता ठोकतो, बोलतो आम्ही!" झालं, चौकट भरली.

पहिलं दार नदीचं, दुसरं पोपटाचं. तिसरं वाऱ्याचं. नुसतं वाऱ्याचं, वादळाचं नव्हे, म्हणून मी निर्धास्त होते. मी विचारलं, "कोण आहे?" बाकं वाजली, आणि खिडकीजवळची एक मुलगी उठून उभी राहिली. वर्गात तिचा आवाज महिनोन्महिने कुणी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "ठोकू नका. वारा दार उघडत नाही, छप्पर नेतो."

मिस ऑगिस पुढे झाल्या. मी हातानं थांबवलं. मी तिचे शब्द जसेच्या तसे परत म्हटले. मग म्हटलं, "खेकडा थबकला. त्यानं विचारलं, तुला कसं माहीत?" आणि गप्प राहिले. ती खेकड्याशी बोलू लागली. आमच्याकडे तिनं पाहिलंही नाही. "आम्ही टेबलाखाली होतो. आजीनं मला पोटाशी धरलं होतं. ती गात होती, पण वाऱ्यात काही ऐकूच येत नव्हतं. नुसतं तोंड हलत होतं."

मग पुढच्या बाकावरच्या पोरानं हळूच विचारलं, "कसं हलत होतं?" तिनं ओठ हलवून दाखवले. आवाज नाही, नुसते ओठ. पुन्हा तसेच. तिसऱ्या खेपेला कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर कोकोच्या बिया पायांनी तुडवतानाचं गाणं!" आणि त्यानं सुरुवात केली. मग दुसरीनं. मग सगळी मुलं, पायांनी जमिनीवर ठेका धरत, त्या ओठांकडे बघत गाऊ लागली. ती नुसते ओठ हलवत होती आणि गाणं खोलीभर होतं. इतकी वर्षं गोष्टी सांगतेय मी, पण त्या दिवशी अंगावर जो काटा आला तो अजून गेलेला नाही. मी फक्त कागद खाली ठेवले. दुसरं काय करणार होते?

शेवट माझा राहिलाच नाही. तो छोटाही नाही अन् मोठाही नाही. मी "क्रिक?" म्हटलं, तर "क्राक!" म्हणून तीच मुलगी बोलली, "वाऱ्यानं आवाज दिला नाही. म्हणून खेकडा अजून नुसतं तोंड हलवतो. गाणं आपण म्हणायचं." घंटा झाली तरी कुणी उठेना.

मॅग्डाला, त्या मुलीचं नाव मी मुद्दाम मागे ठेवलं. नाहीतर पुढचं तू वाचलंच नसतंस. ती तुझी लेक झेलिया. ढिगाऱ्यातून तिला बाहेर काढल्यापासून तू प्रत्येक फोनवर मला एकच विचारत आलीस, शेवटच्या रात्री माझी आई घाबरली होती का, काय म्हणाली? सांगणारं कुणी नव्हतं, आणि लेकीला विचारायची तुझी हिंमत नव्हती. तुझी आई गात होती गं. शेवटपर्यंत, लेकराला छातीशी धरून, कोकोचं गाणं. रविवारी झेलियाशी बोलशील तेव्हा जेवलीस का, अभ्यास केलास का, यातलं काही विचारू नकोस. "क्रिक" म्हण आणि थांब. कितीही वेळ लागला तरी थांब.

तुझीच,
फ्लोरेस्टीन