कुपी दुसऱ्यांदा उघडत नाही

लातूर

प्रिय आनंदराज,

तुझी कादंबरी दोनदा वाचली. फोनवर म्हणालास, ‘बुद्धप्रिया, तू फिजिक्स शिकवतीस, तू फक्त नियम बघ. लई दया दाखवू नको.’ म्हणून नियमच बघितले.

तुझं भविष्यातलं शहर मला पटलं. मेलेल्या माणसाच्या मेंदूतला ठसा कुपीत ठेवायचा, कुपी तापवली की तासभर त्याचा आवाज बोलतो. पण वाचता वाचताच ठसा जळतो, म्हणून एकदाच. या एका नियमातून तू अख्खा समाज उभा केलास. सगळ्या वारसांच्या सह्यांशिवाय कुपी उघडत नाही, त्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. श्रीमंतालाही दुसरा तास विकत मिळत नाही. आणि ती दानम्मा, लेकाची कुपी मांडीवर घेऊन म्हातारी होते, पण उघडत नाही, कारण उघडली की संपलं. तिथं मी वाचायची थांबले, चहा गार झाला.

सतराव्या प्रकरणात मात्र आवाजघरात लोकांना कुप्या उघडून देणारा इंजिनिअर वीरेश आपल्या मुलीची कुपी दुसऱ्यांदा उघडतो. म्हणे त्याने आधीच नक्कल करून ठेवली होती. अरे, नक्कल करायची तर ठसा वाचावा लागेल, आणि वाचला की तो जळणार. बरं, धरून चालू की जमलं. मग आवाजघरातल्या बाकी इंजिनिअरांना का नाही सुचलं? पहिल्याच वर्षी नकलांचा चोरबाजार भरला असता. कोर्टातले भाऊ एकेक नक्कल घेऊन घरी गेले असते. दानम्मा तर वेडीच ठरली असती.

तरी मी फट शोधली. अर्धा तास ऐकून उरलेला मागे ठेवता येईल का? पाचव्या प्रकरणात तूच लिहिलंस, तापलेली कुपी निववता येत नाही. वीरेशसाठी वेगळं यंत्र आणावं, तर त्याची चाहूल आधी कुठंच नाही, आणि आधी आणलं तर ते सगळ्यांनाच मिळायला हवं. प्रत्येक वाट पुन्हा पहिल्याच नियमावर येऊन थांबते.

आता नियमाबाहेरचं. वीरेशची ती मुलगी कोण, हे मला पहिल्या पानावरच कळलं. आपली महामाया तशीच शब्द तोडून बोलायची. ती गेल्यावर आपल्याला एका घरात श्वास घेता येईना, म्हणून मी लातूरला आले. तुझ्या कादंबरीत मुलगी पुन्हा बोलते आणि तिची आई घरी परत येते. फोन ठेवताना तू हळूच म्हणालास, ‘हे जुळलं तर तू बी नांदेडला ये.’ आनंदराज, मी फट शोधत होते ती कादंबरीसाठी नव्हती. सापडली असती तर आले असते. न्हाई सापडली. सतरावं प्रकरण काढून टाक. माझी वाट बघू नको.

तरीही तुझीच,
बुद्धप्रिया