नंबर न लावता दिलेलं उत्तर

बाबा, पिपलानीतलं आपलं कारखान्याचं क्वार्टर आता रिकामं आहे. या हिवाळ्यात भोपाळला गेले होते, तेव्हा पाय आपोआप तिकडे वळले. दाराला कुलूपसुद्धा नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पिंपळाची फांदी आत आली आहे आणि तिच्या पानांमधून येणारं ऊन फरशीवर हलत राहतं. मी त्या उन्हात उभी राहिले आणि थोड्या वेळाने कुठलं साल चालू आहे तेच कळेना. कुठेतरी कारखान्याचा भोंगा वाजला, किंवा वाजला असं मला वाटलं. मग तुम्ही आलात, बनियनवर, खांद्याला पंचा, आणि गॅसपाशी उभे राहून पोहे करायला लागलात. आई इंदूरला गेलेली आहे, मामाच्या मुलीच्या बाळंतपणाला. मी अरेरा कॉलोनीतल्या शाळेत नवी नवी शिकवते आहे. तुम्ही पोहे खाली लागू देता आहात, कारण तुमचं सगळं लक्ष माझ्या डब्याकडे आहे.

"काय गं, इतके पराठे एकटी खातेस?"

मी म्हणाले, स्टाफरूममध्ये सगळे खातात. तुम्ही कारखान्यात तपासणीला होतात, लोखंडातला बारीक तडा शोधणं हेच तुमचं काम. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलंत आणि करपलेले पोहे खरवडत बसलात.

तुम्हाला तेव्हा सगळं सांगितलं नव्हतं. आमच्या शाळेत भूगोल शिकवणारा तो, शिवाजी नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा. शाळा सुटली की आम्ही एकाच सिटी बसने निघायचो. त्याचा स्टॉप माझ्या कितीतरी आधी, पण बोलणं रंगलं की तो उतरायचाच नाही. सरळ पिपलानीपर्यंत यायचा, मला सोडायचा आणि परतीची बस धरायचा. काय बोलायचो आम्ही? नद्या कशा वाट बदलतात, मुलं नकाशात राजस्थान कुठे दाखवतात, त्याची आजी लोणच्यात काय घालायची. थंडीत बसच्या काचा धुक्याने पांढऱ्या होत. बाहेरचे दिवे त्यात विरघळून जात, आणि मला वाटायचं ही बस कुठल्याच गावाला जात नाहीये, नुसती चालली आहे, चालू दे. तसं सुख मला नंतर फार वेळा मिळालं नाही, हे तुम्हाला सांगायला आता काय हरकत आहे.

तेवढ्यात उज्जैनचं स्थळ आलं. मंडळींना होकार किंवा नकार लवकर हवा होता. तुम्ही विचारलंत, मी म्हणाले, "थोडं थांबा ना बाबा." आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी धीर करून त्याला सांगितलं की घरी असं चाललंय आणि मला तो आवडतो. तो बराच वेळ काचेवर बोट फिरवत राहिला. पिपलानीला उतरल्यावर, स्टॉपवरच्या सिमेंटच्या बाकावर बसून म्हणाला, "आपसे बात करना मुझे सच में अच्छा लगता है. पर मैं अभी किसी रिश्ते के लिए तैयार नहीं हूँ." त्याचं ठरलेलं लग्न त्याच वर्षी मोडलं होतं. ते मला माहीत होतं.

मी हसून म्हणाले, "कोई बात नहीं. मैं रुक जाऊँगी."

तो काहीच बोलला नाही. त्या गप्प राहण्याला मी होकार समजले. आता हसू येतं, पण बाबा, आपण टाउनशिपची माणसं होतो. आपल्याकडे 'अभी नहीं' म्हणजे नाही असा अर्थ कधी कुणी घेतला? मोठं क्वार्टर, गॅसचं सिलिंडर, घरचा फोन, सगळ्याला पहिलं उत्तर तेच मिळायचं. मग नंबर लावायचा, मधेमधे जाऊन तोंड दाखवायचं, गोड बोलायचं, आणि एक दिवस नंबर लागायचाच. घरी फोन बसला त्या दिवशी तुम्ही अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. मी त्याच्याकडेही तसाच नंबर लावला. त्याच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायची, त्याच्या पेपरांचे गठ्ठे तपासून द्यायचे, मेथीचे पराठे न्यायचे. तो 'अरे, क्यों तकलीफ़ की' म्हणायचा आणि खायचा. एखाद्या दिवशी जास्त हसला की वाटायचं, सरकला माझा नंबर पुढे. एखाद्या दिवशी शिवाजी नगरला उतरून गेला की रात्री जेवण जायचं नाही. आणि उज्जैनवाले तसेच ताटकळत.

त्या रविवारी तुम्ही मला स्वयंपाकघरात गाठलंत. मी कणीक मळत होते. तुम्ही ओट्याला टेकून म्हणालात, "तू कुणाची वाट पाहून राहिली आहेस, ते सांग. मी रागावणार नाही." मी सांगितलं आणि तुम्ही लगेच रागावलात. "त्याला घरी बोलाव, मी विचारतो त्याला सरळ!" मी रडायला लागले तेव्हा स्वतःच ओशाळून पाणी पिऊन आलात. मग म्हणालात, त्याचे शब्द जसेच्या तसे सांग, तुझ्या मनाचं काही घालू नकोस. मी सांगितले. मी काय बोलले तेही सांगितलं.

"म्हणजे त्याने खरं सांगितलं," तुम्ही म्हणालात. "पोरगा वाईट नाही. त्याला बोलायला आवडतं, हेही खरं. नातं नको, हेही खरं. तू पहिलं तेवढं उचललंस."

"पण तो 'अभी' म्हणाला, बाबा. तुम्हीही फोनसाठी किती वर्षं थांबलात."

"फोनचं मी बुकिंग केलं होतं, बाई. त्यांनी घेतलं होतं. याने तर काउंटरच बंद आहे म्हणून सांगितलं. तू तिथंच पिशवी घेऊन उभी. आता त्याला बिचाऱ्याला बाहेर निघायची चोरी."

मला राग आला. कणीक मी इतकी घट्ट मळली की पोळ्या चामट झाल्या. पण त्याचा तो परवाचा चेहरा आठवला, पराठा हातात घेतल्यावरचा. आनंदाचा नव्हता तो.

मग तुम्ही जे केलंत ते दुसऱ्या कुणाच्या वडिलांनी केलं असेल असं वाटत नाही. स्टूल ओढून बसलात, म्हणालात, "मी तो. बोल काय बोलणार आहेस ते." आणि तुमच्या त्या नागपुरी हिंदीत मला त्याचं वाक्य ऐकवलंत, "मेरेको आपसे बात करना आवडता है," असं काहीतरी. मी रडता रडता हसले. पहिल्यांदा मी विचारलं, "तो फिर कब तक?" तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, ही तारीख मागणं झालं, त्याला स्वतःला माहीत नाही तो काय देणार? दुसऱ्यांदा मी म्हणाले, "ठीक है, हम दोस्त ही रहेंगे." तेव्हा तुम्ही त्याचं सोंग सोडलंत आणि माझ्याकडे बघून विचारलंत, "जमेल? उद्या त्याने दुसऱ्या मुलीबद्दल सांगितलं तर ऐकशील, पोटात काही न होता? जमत असेल तर मैत्री जरूर ठेव. मैत्रीच्या नावाखाली नंबर लावणार असशील तर नको." मला जमणार नव्हतं. ते तोंडाने म्हणायला मला फार वेळ लागला. भाजी गार झाली.

मग आपण दोघांनी मिळून ते वाक्य तयार केलं. त्याचे आभार मानायचे, मनापासून, टोमणा न मारता. आपल्याला काय हवं आहे ते एकदा स्पष्ट सांगायचं, पण त्याचं मन वळवायला नाही. आपण थांबणार नाही, हे सांगायचं. शिक्षा म्हणून बोलणं बंद करत नाही, स्वतःला सावरायला थोडं लांब राहते आहे, हे सांगायचं. आणि मग खरंच तसं वागायचं. "आणि ऐक," तुम्ही शेवटी म्हणालात, "त्याच्यावरच्या रागाने उज्जैनला हो म्हणू नकोस. उज्जैनच्या पोराने काय पाप केलंय? त्यांना मी उद्या नकार कळवतो."

सोमवारी बसमध्ये मी उभीच राहिले. त्याचा शिवाजी नगरचा स्टॉप यायच्या आधी बोलले, कारण तो पिपलानीला आला असता तर मला बोलताच आलं नसतं. म्हणाले, "आपने साफ़ बताया, अच्छा किया. मैंने उस दिन रुकने की बात की, वो वापस लेती हूँ. मुझे आपसे दोस्ती से ज़्यादा चाहिए, और आपको नहीं, तो मैं इंतज़ार नहीं करूँगी. कुछ दिन मैं आगे बैठूँगी. नाराज़ नहीं हूँ."

त्याने दोन्ही हातांनी समोरच्या सीटचा दांडा धरला. "मतलब अब बात भी नहीं?" म्हणाला. आवाज असा होता की माझं तयार वाक्य विरघळूनच जावं. याची तालीम आपण केली नव्हती, बाबा. मी एवढंच म्हणाले, "अभी मुझसे नहीं होगा." तो म्हणाला, "शुक्रिया. मुझे रोज़ लगता था आपके साथ ग़लत कर रहा हूँ." आणि उतरला. पुढे स्टाफरूममध्ये आम्ही नमस्कार करत राहिलो, परीक्षांचं, सुट्ट्यांचं बोलत राहिलो. मी बायकांच्या सीटवर बसायचे. काचा तशाच पांढऱ्या व्हायच्या. महिने गेले तसं माझं जेवण परत आलं, झोप आली. मैत्रिणींबरोबर बाजारात जायला लागले. तो परत काही विचारायला आला नाही, आणि एक दिवस लक्षात आलं की मीही स्टाफरूमच्या दाराकडे बघत नाही.

त्याच्या लग्नाचं बोलावणं सगळ्या स्टाफला होतं. तुम्ही म्हणालात, जायचं असेल तर मी येतो सोबत. शिवाजी नगरात मांडव होता. त्याने बायकोला माझी ओळख करून दिली, "ये बहुत सच्ची इंसान हैं." मी तिच्या हाताची मेंदी छान आहे म्हणाले, आणि ती खरंच छान होती. तुम्ही गुलाबजाम दोनदा घेतलेत, आईला सांगू नको म्हणालात. परत येताना स्कूटरवर तुम्ही मान मागे न वळवता विचारलंत, "बरं आहे ना?" मी मोठ्याने "हो" म्हणाले. ते खोटं नव्हतं. मी त्याची वाट पाहत नव्हते, माझं माझं आयुष्य चालू होतं, पुढे चांगलं चाललं, तुम्ही पाहिलंतच. उत्तर बरोबर होतं याबद्दल मला कधी शंका आली नाही.

तुम्ही गेलात त्याला आता खूप वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, टाकायचंही नाही. फक्त एवढं सांगायचं राहून गेलं होतं की त्या रात्री स्कूटरवर, ते "हो" म्हटल्यानंतर, घर येईपर्यंत मी तुमच्या शर्टाच्या पाठीला डोळे पुसत होते, आणि तुम्ही स्कूटर फार हळू चालवत होतात.